फी परत मागताना कोणती तारीख धरायची?

*माझ्या मुलीला दहावीनंतर पुण्यातील एका कोचिंग क्लासमध्ये नीटच्या बावीस महिन्यांच्या वर्गाला घातले. जीएसटीसह एकूण फी १,९४,७०० रुपये ठरली. त्यातले २५ एप्रिल २०२५ रोजी १७,७०० (नोंदणी शुल्क), ५ जूनला ५९,००० आणि १ ऑगस्टला ४१,३०० असे १,१८,००० रुपये भरले. उरलेल्या ७६,७०० रुपयांचा १० डिसेंबरचा चेक आधीच त्यांच्याकडे देऊन ठेवला आहे. वर्ग १६ जूनला सुरू झाला. मुलीला तो झेपला नाही. ६ सप्टेंबर हा तिचा शेवटचा दिवस. ८ तारखेला मी तिथल्या काउन्सेलर मॅडमना व्हॉट्सॲपवर कळवले की प्रवेश रद्द करा व फी परत करा. "सरांशी बोलून फॉर्म देते," असे त्यांचे उत्तर आले. फॉर्म मिळाला २९ सप्टेंबरला. त्याच दिवशी भरून दिला.*

*पावतीच्या मागे छापले आहे : वर्ग सुरू झाल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज केल्यास भरलेल्या शिकवणी शुल्काचे ५० टक्के, ९० दिवसांत केल्यास २५ टक्के परत, त्यानंतर काही नाही. नोंदणी शुल्क व जीएसटी परत मिळणार नाही. १५ ऑक्टोबरला त्यांचा ईमेल आला की १०५ दिवस झाल्याने काहीच देणे लागत नाही. शिवाय त्यांच्या वेबसाइटवर आता ९० ऐवजी ६० दिवस दिसतात. पत्नी म्हणते, सोडले आपण, सही केली आपण, आता मागायचे कशाच्या जोरावर? मेव्हणे म्हणतात, डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडा, पैसे मिळतील. मी काय करावे?*

*— एक पालक, संगमनेर*

आपण तारखा आणि रकमा इतक्या नीट लिहून पाठवल्या आहेत की अर्धे काम झालेलेच आहे. ग्राहक मार्गदर्शन केंद्रात मी काही वर्षे बसत असे, तेव्हा बहुतेक पालक "दीडेक लाख भरले, गणपतीच्या आसपास सोडले" एवढेच सांगत आणि तिथेच त्यांची बाजू लंगडी पडे. फी परतीच्या वादात क्लासचा मुख्य आधार दिवसांची मोजणी हाच असतो. त्यामुळे मीही उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

क्लासने मोजलेले १०५ दिवस हे १६ जूनपासून २९ सप्टेंबरपर्यंतचे आहेत, म्हणजे त्यांचा छापील फॉर्म त्यांच्या टेबलावर पोहोचला त्या दिवसापर्यंतचे. पण पावतीवर "लेखी अर्ज" असे म्हटले आहे. "आमच्या फॉर्मवरील अर्ज" असे म्हटलेले नाही. आपला ८ सप्टेंबरचा व्हॉट्सॲप संदेश लेखीच आहे. त्यात प्रवेश रद्द करण्याची व फी परत करण्याची, अशा दोन्ही मागण्या स्पष्ट आहेत, आणि क्लासच्या अधिकृत कर्मचाऱ्याने त्याला उत्तर दिल्याने तो मिळाला हेही सिद्ध होते. १६ जूननंतर ८४ दिवसांनी ८ सप्टेंबर येतो; ९० दिवस पूर्ण होतात १४ सप्टेंबरला. म्हणजे त्यांच्याच नियमाप्रमाणे आपण मुदतीत आहात. फॉर्म द्यायला त्यांनी तीन आठवडे लावले, आणि स्वतःच्या विलंबाचा फायदा घेऊन ते मुदत संपली असे म्हणत आहेत. हे नेहमी मुद्दाम होते असे मी म्हणणार नाही. शाखेतल्या मुलींना फॉर्म देण्याचा अधिकारच नसतो आणि "सर" दौऱ्यावर असतात, हेही मी पाहिले आहे. परंतु कारण काहीही असले तरी त्याचा भुर्दंड पालकाने का सोसावा?

म्हणून तो संवाद जपून ठेवा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर न थांबता संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करून ठेवा. पुढे ग्राहक आयोगापुढे जाण्याची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपे होते. मुलीच्या हजेरीचे जे एसएमएस रोज येत होते तेही ठेवा. ६ सप्टेंबरनंतर ते थांबले, याचा अर्थ त्या तारखेनंतर सेवा घेतलेलीच नाही.

आता वेबसाइटवरच्या ६० दिवसांविषयी. या नियमाची चिंता करू नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. आपण पैसे भरले त्या दिवशी आपल्या हातात जो नियम दिला गेला, तो आपल्या करारातला नियम. इथे भरण्याच्या तारखांचे खरे महत्त्व कळते. २५ एप्रिल, ५ जून आणि १ ऑगस्ट या तिन्ही पावत्या उलट्या करून पाहा आणि तिन्हींवर ९० दिवसांचीच अट आहे ना, याची खात्री करा. प्रवेश अर्जातले बारीक अक्षरही वाचा. "संस्थेने वेळोवेळी बदललेले नियम मान्य आहेत" असे वाक्य तिथे असू शकते. ते असले तरी पैसे घेतल्यानंतर एकतर्फी केलेला, ग्राहकाचे नुकसान करणारा बदल आयोगापुढे टिकवणे क्लासला जड जाईल. आज वेबसाइटवर जे दिसते आहे त्याचाही तारखेसह प्रिंट काढून ठेवा, कारण पावती व वेबसाइट यांतली तफावत हाच त्यांच्या भूमिकेतला कच्चा दुवा आहे.

इथपर्यंत आपण त्यांचा नियम जसाच्या तसा खरा धरून चाललो. त्याप्रमाणे हिशेब असा होतो. भरलेल्या १,१८,००० रुपयांत १८ टक्के जीएसटीचे १८,००० आहेत. मूळ फी १,००,०००. त्यातले नोंदणीचे १५,००० वगळले की शिकवणी शुल्क ८५,००० उरते, आणि त्याचे २५ टक्के म्हणजे २१,२५० रुपये. ही आपली किमान रक्कम झाली, कारण ती नाकारण्यासाठी क्लासला स्वतःचाच छापील शब्द मोडावा लागेल.

पण आपण तेवढ्यावरच थांबावे असे मला वाटत नाही, आणि इथे आपल्या पत्नीच्या प्रश्नाकडे वळते. "सोडले आपण" हे खरे आहे. मात्र सोडणाऱ्याने न घेतलेल्या शिकवणीचेही पैसे द्यावेत, हे त्यातून आपोआप निघत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थ्याने पूर्ण फी भरली असेल आणि तो मधेच सोडत असेल, तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात दहा दिवसांच्या आत परत करावी, आणि क्लासच्या वसतिगृहात राहत असल्यास तिथले व खाणावळीचे पैसेही परत करावेत, असे त्यांत स्पष्ट आहे. वह्या, नोट्स व छापील साहित्य वेगळे पैसे न घेता द्यावे, असेही त्यांत म्हटले आहे. ही तत्त्वे म्हणजे थेट कायदा नव्हे. राज्यांनी ती आपापल्या कायद्यातून लागू करावीत अशी त्यांची रचना आहे. त्यामुळे "तुम्ही कायदा मोडला" असे पत्रात लिहू नका. लिहिले तर त्यांचा वकील त्याच एका वाक्यावर सगळे उत्तर बेतेल. "न्याय्य परतावा कसा मोजावा याचे सरकारने ठरवलेले माप" म्हणून मात्र ती जरूर उद्धृत करा.

त्या मापाने हिशेब पाहू. १,९४,७०० रुपये बावीस महिन्यांचे, म्हणजे महिन्याला जीएसटीसह ८,८५० रुपये. मुलगी १६ जून ते ६ सप्टेंबर, म्हणजे पावणेतीन महिने वर्गात होती. आपण पूर्ण तीन महिने धरू, घासाघीस नको. तीन महिन्यांचे होतात २६,५५०. भरलेल्या १,१८,००० मधून ते वजा केले की ९१,४५० रुपये उरतात. पूर्ण १,१८,००० मागण्याचा मोह पालकांना होतो, पण मुलीने शिकवणी घेतली आहे, चाचण्या दिल्या आहेत. घेतलेल्या सेवेचे पैसे आपण आपणहून वजा करून दाखवले की मागणीला वजन येते.

जीएसटीबद्दल क्लासचे ठरलेले उत्तर असते, "तो सरकारला भरला, आमच्या हातात नाही." हे उत्तर अपुरे आहे. सेवा दिली गेली नाही व तिची किंमत परत केली, तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्लास क्रेडिट नोट काढून तेवढा कर आपल्या पुढच्या देण्यातून कमी करू शकतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या बिलांसाठी त्याला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. म्हणजे फी परत करून कर मात्र न देण्याने क्लासचे नुकसान टळत नाही, उलट तेवढी रक्कम त्याच्याकडेच राहू शकते. त्यांच्या नियमानुसार २१,२५० मिळत असतील, तर त्यावरचे ३,८२५ धरून २५,०७५ मागा. त्यांच्या लेखापालाला हे सगळे ठाऊक असते. पत्रात "क्रेडिट नोट" हा शब्द दिसला की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

सहीचा मुद्दा उरला. छापील अर्जावर सही केली म्हणून त्यातली प्रत्येक अट अभेद्य होत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यास ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. कोचिंग क्लास ग्राहक कायद्यात येतात का, यावर पूर्वी बराच वाद होता. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने शिक्षणसंस्थांना बऱ्याच अंशी बाहेर ठेवतानाही कोचिंग क्लास या कायद्याच्या कक्षेत येतात असे म्हटले. संपूर्ण अभ्यासक्रमाची फी आगाऊ घेऊन ती अडकवून ठेवण्याविरुद्धही आयोगाने त्याआधी मत दिलेले आहे. अर्थात प्रत्येक प्रकरणात पूर्ण प्रमाणशीर रक्कम मिळतेच असे नाही. प्रवेश घेतला गेल्याने ती जागा भरता आली नाही, हे क्लासने दाखवले तर काही वजावट मान्य होते.

मेव्हण्यांच्या सूचनेबद्दल मला थोडे कडक बोलावे लागेल. आपल्या पावतीवरचा नियम कारण विचारतच नाही. तो फक्त दिवस मोजतो. जिथे कारणाची गरज नाही तिथे खोटे प्रमाणपत्र जोडले, तर चांगल्या बाजूत आपण स्वतः भोक पाडतो. ८ सप्टेंबरच्या संदेशात आजाराचा उल्लेख नसेल आणि नोव्हेंबरात अचानक प्रमाणपत्र आले, तर तो संदेशही संशयास्पद ठरेल; आणि तो संदेश हाच आपला मुख्य पुरावा आहे. मुलीला अभ्यासक्रम झेपला नाही, हे लिहायला लाज वाटण्याचे कारण नाही. ते न लिहिले तरीही चालते.

पत्र साधारण असे असावे. क्लासच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, शाखेसोबत मुख्य कार्यालयालाही प्रत द्या, आणि तीच प्रत स्पीड पोस्टने पोचपावतीसह धाडा (जुनी रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे).

> विषय : प्रवेश रद्द केल्यानंतर फी परत मिळणे व चेक परत मिळणे याबाबत.
>
> माझ्या मुलीचा (प्रवेश क्रमांक …) आपल्याकडील बावीस महिन्यांच्या वर्गातील प्रवेश मी ८ सप्टेंबर २०२५ रोजी लेखी संदेशाने रद्द केला. आपल्या प्रतिनिधींनी त्याच संदेशाला उत्तर देऊन फॉर्म देण्याचे कळवले. फॉर्म २९ सप्टेंबर रोजी मिळाला व त्याच दिवशी भरून दिला.
>
> मी २५ एप्रिल २०२५ रोजी १७,७०० रुपये (पावती क्र. …), ५ जून रोजी ५९,००० रुपये (पावती क्र. …) आणि १ ऑगस्ट रोजी ४१,३०० रुपये (पावती क्र. …) असे एकूण १,१८,००० रुपये भरले आहेत. वर्ग १६ जून रोजी सुरू झाला व मुलगी शेवटची ६ सप्टेंबर रोजी उपस्थित होती.
>
> पावतीवरील नियमानुसार ९० दिवसांची मुदत १४ सप्टेंबर रोजी संपत होती. माझा अर्ज त्यापूर्वीचा आहे. त्यामुळे आपल्या १५ ऑक्टोबरच्या ईमेलमधील १०५ दिवसांची मोजणी मला मान्य नाही. घेतलेल्या तीन महिन्यांच्या शिकवणीचे २६,५५० रुपये वजा करून उरलेले ९१,४५० रुपये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रमाणशीर पद्धतीने, माझ्या खात्यात जमा करावेत. आपल्या छापील नियमानुसार देय असलेली रक्कम तर कोणत्याही परिस्थितीत देय आहेच. जीएसटीच्या भागासाठी क्रेडिट नोट द्यावी.
>
> १० डिसेंबर २०२५ चा चेक (क्र. …, रक्कम ७६,७०० रुपये) पुढील सेवेसाठी होता. ती सेवा घेतलेली नसल्याने तो बँकेत भरू नये व मला परत करावा. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

पत्रात दोन रकमा का, असे आपल्याला वाटेल. मागणी ९१,४५० ची आहे, पण किमान रकमेचा उल्लेख नसेल तर क्लास संपूर्ण मागणी एका दमात फेटाळतो. तो उल्लेख असला की "आमच्या नियमाप्रमाणे घ्या" इथून तरी बोलणी सुरू होतात. कुठे थांबावे, हा आपला निर्णय आहे. माझे मत विचाराल, तर नोंदणीचे १७,७०० ठेवून घेऊन ते ७३,७५० द्यायला तयार झाले, तर मी पुढे भांडणार नाही. २५,०७५ वर मात्र मी सही करणार नाही.

सही या शब्दावरून दोन सावधगिरी. "पूर्ण व अंतिम तडजोड" असे लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करू नका. आणि मूळ पावत्या मागितल्या तर छायाप्रती द्या; मूळ द्यावेच लागले तर "मूळ पावत्या क्रमांक अमुक मिळाल्या" अशी शिक्क्यासह पोच घ्या. फी पुढच्या वर्षी किंवा धाकट्या भावंडासाठी "ॲडजस्ट" करू, हा प्रस्ताव तर येईलच. घरात कोणी त्या क्लासला जाणार नसेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

पंधरा दिवसांत काही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ही पायरी निवाड्याची नाही, ती क्लासला विचारणा करते. पण मोठ्या, अनेक शाखांच्या क्लासकडून तिथूनच पैसे सुटलेले मी पाहिले आहेत. गल्लीतला क्लास असेल तर तो उत्तरही देत नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे "सर्व वाद अमुक शहरातील न्यायालयातच" असे अर्जावर छापले असले तरी आपल्याला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. नकार १५ ऑक्टोबर २०२५ चा असल्याने घाईत चुकीचा अर्ज करण्याचे कारण नाही. कायद्याला अपेक्षित वेगाने निकाल लागतोच असे नाही, एवढे धरून चाला.

या सगळ्यात आधी करायचे काम मात्र चेकचे आहे, कारण त्याची तारीख थांबणार नाही. क्लासला पत्र गेल्याबरोबर, १० डिसेंबरच्या बरेच दिवस आधी, बँकेत "स्टॉप पेमेंट"ची लेखी सूचना द्या. केवळ पेमेंट थांबवल्याने चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची कारवाई टळते असा गैरसमज आहे. तिथे प्रश्न असतो तो त्या दिवशी कायदेशीर देणे होते का, हा. आपण प्रवेश आधीच रद्द केला व चेक परत मागितला, हे दाखवणारे पत्र म्हणूनच आधी हवे. तरीही चेक भरला गेला आणि त्यांची नोटीस आली, तर तिच्यात दिलेले पंधरा दिवस उलटू देऊ नका. तेवढ्या एका कामासाठी वकील करा. बँकेच्या सूचनेच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका, आणि खात्यातून तो चेक क्रमांक बंद झाल्याचा एसएमएस आला की तोही त्याच फाइलमध्ये, ८ सप्टेंबरच्या संदेशामागे, लावून ठेवा.